ट्रकचा उजवा इंडिकेटर: ‘जा’ की ‘थांब’?

> दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा ओव्हरटेक करायचं का? समोरून डिपर मारला तर? यातलं कायदेशीर काय?

कायद्याने उजव्या इंडिकेटरचा अर्थ एकच: गाडी उजवीकडे वळणार किंवा उजवीकडे सरकणार. मोटार वाहन कायद्याचं कलम १२१ वळण्यासाठी आणि थांबण्यासाठी हाताऐवजी दिवा चालवून घेतं. ‘या, पुढे जा’ असं सांगणारा इंडिकेटर त्यात नाही.

मग ही पद्धत आली कुठून? १९८९ च्या नियमांत पुढच्याने खूण केल्याशिवाय ओव्हरटेक करायला मनाई होती, आणि ती खूण म्हणजे उजवा हात बाहेर काढून मागे-पुढे अर्धवर्तुळात हलवणं. माझ्या मते त्या हाताची जागा पुढे इंडिकेटरने घेतली. २०१७ मध्ये नवे नियम आले, सवय मात्र राहिली. त्यातही एकवाक्यता नाही: कुणी उजवा देतो तो ‘जा’ म्हणून, कुणी ‘समोरून गाडी येतेय, थांब’ म्हणून, आणि कुणाला खरंच उजवीकडच्या ढाब्यात शिरायचं असतं. हा तिसराच जीव घेतो. ट्रकचा वेग उतरतोय, ब्रेकलाइट लागलाय, तो मधल्या रेषेकडे सरकतोय आणि उजवीकडे पंप किंवा फाटा दिसतोय, तर तो वळतोय असंच धरा.

ट्रकवाल्याने मनापासून ‘जा’ म्हटलं तरी त्याला तुमचा हिशेब माहीत नसतो. ट्रक ताशी ५० ने आणि तुम्ही ७० ने चालला असाल, तर मागचं-पुढचं अंतर आणि ट्रकची लांबी धरून साधारण ५० मीटर जास्त कापायला ९ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १७५ मीटर जाता आणि समोरून ७० ने येणारा तेवढाच जवळ येतो. म्हणजे ३५० मीटर रस्ता मोकळा हवा, आणि तो तुमच्या डोळ्यांना दिसायला हवा. अपघात झाला तर ‘त्यानेच इंडिकेटर दिला’ म्हणून ओव्हरटेक करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. या नियमांच्या भंगाला कलम १७७अ नुसार ५०० ते १००० रुपये दंड आहे.

डिपरचं म्हणाल तर आपल्याकडे समोरच्याने मारला की ‘मी थांबत नाही’ असंच समजा. इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींनी जास्त जपावं: तिथे लोक ‘तुम्ही आधी जा’ म्हणून दिवे लुकलुकवतात, पण तिथल्या हायवे कोडचा नियम ११० सांगतो की दिवे फक्त ‘मी इथे आहे’ हे कळवायला वापरा.

चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणं तर बंदच करा. बाजूने येणाऱ्याला तुमची एकच बाजू दिसते, त्यामुळे त्याला तुम्ही त्याच्याकडे वळताय असं वाटतं. सरळ जाणाऱ्याने काहीच लावायचं नसतं.