पाडव्याचा मेसेज, आणि विषूची सकाळ

प्रश्न: गुढीपाडव्याला ऑफिसमधल्या हैदराबाद, चेन्नई, कोची आणि कोलकात्याच्या सहकाऱ्यांना नववर्षाच्या शुभेच्छा पाठवायच्या आहेत. सगळ्यांना एकच मेसेज चालेल का?

उत्तर:

नाही चालणार. चौघांपैकी फक्त हैदराबादच्या सहकाऱ्याचा सण त्या दिवशी आहे, आणि त्यांच्याकडे तो ‘उगादी’. बाकी तिघांचे सण एप्रिलच्या मध्यात येतात.

आपला पाडवा चंद्रावर चालतो, चैत्र शुद्ध प्रतिपदेला. उगादीही त्याच तिथीला, म्हणून त्या दोघांची तारीख सहसा एकच असते आणि दरवर्षी बदलते: 2024 मध्ये 9 एप्रिल, 2025 मध्ये 30 मार्च. तामिळनाडू, केरळ आणि बंगालचे सण मात्र सूर्यावर चालतात. सूर्य मेष राशीत शिरला की, म्हणजे 13-14 एप्रिलच्या आसपास. त्यामुळे 30 मार्चला चेन्नईच्या माणसाला ‘नववर्षाच्या शुभेच्छा’ लिहिल्या, तर त्या त्याच्या सणाच्या दोन आठवडे आधी पोचतात.

खरी गफलत पुढेच होते. सौर सण म्हणजे सगळ्यांना 14 एप्रिल, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. आमच्या मजल्यावर केरळातल्या त्रिशूरच्या एक काकू राहतात. 2023 च्या 14 एप्रिलला सकाळीच मी त्यांना ‘हॅपी विषू’ पाठवलं आणि वर मल्याळी नववर्षाच्या शुभेच्छाही दिल्या. थोड्या वेळानं त्या दारात आल्या. ‘अगं, विषू उद्या आहे. मी आत्ता कुठे फुलं आणायला निघालेय.’ मला फार ओशाळल्यासारखं झालं, कारण घाई माझी होती आणि समजावून सांगायची वेळ त्यांच्यावर आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला बोलावलं. डोळे मिटून, हात धरून देवापुढे नेलं आणि मग डोळे उघडायला सांगितलं. समोर काशाच्या उरुळीत तांदूळ, पिवळी काकडी, आरसा, नाणी आणि वर बहाव्याचे घोस. त्याला ते कणिकोन्ना म्हणतात. विषूच्या दिवसाचं हे पहिलं दर्शन, म्हणजेच विषुक्कणी. मग हातावर एक नाणं ठेवलं, ते कैनीट्टम.

तारखेचं उत्तर त्या दर्शनातच आहे. कणी पहाटे बघायची असते. 2023 मध्ये सूर्य मेषेत शिरला तो 14 तारखेच्या दुपारी, म्हणजे त्या दिवशीची पहाट केव्हाच होऊन गेली होती. म्हणून विषू 15 ला. तमिळ पंचांगात संक्रमण सूर्यास्ताआधी झालं तर तोच दिवस धरतात, म्हणून त्यांचं नववर्ष, पुत्तांडु, 14 लाच झालं. बंगालमध्ये संक्रांतीचा दिवस जुन्या वर्षाचा शेवटचा मानतात आणि पोयला बोइशाख दुसऱ्या दिवशी, म्हणून कोलकात्यात 15. सीमेपलीकडे बांगलादेशात मात्र तो 14 एप्रिललाच, कारण तिथे तारीख ठरवूनच टाकलेली आहे. 2024 मध्ये संक्रमण 13 तारखेच्या रात्री झालं आणि चेन्नई, कोची, कोलकाता तिन्हीकडे सण 14 लाच आला. तेव्हा गेल्या वर्षीची तारीख यंदा वापरू नका.

नावाचंही तसंच. विषूला ‘मल्याळी नववर्ष’ म्हणू नका. केरळच्या कोल्लम पंचांगाचं वर्ष ऑगस्टमधल्या चिंगम महिन्यात सुरू होतं, त्यामुळे नुसतं ‘विषू आशंसकळ’ लिहा. चेन्नईला ‘पुत्तांडु वाळ्त्तुक्कळ’, कोलकात्याला ‘शुभ नववर्ष’, हैदराबादला ‘उगादि शुभाकांक्षलु’.

तारीख बघायची तर आपलं भिंतीवरचं कॅलेंडर पुरत नाही, ते महाराष्ट्राच्या गणितानं छापलेलं असतं. त्या राज्य सरकारची त्या वर्षाची सुट्ट्यांची यादी उघडा. तारीख आणि तिथे रूढ असलेलं नाव, दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात.

एक अडचण मात्र या यादीनंही सुटत नाही. कर्नाटकच्या यादीत युगादी दिसेल, पण मंगळुरूकडच्या तुळू माणसाचा सण ‘बिसु’ असतो, सौर, एप्रिलमध्ये. आडनावावरून किंवा राज्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा आदल्या आठवड्यात सरळ विचारा: ‘तुमच्याकडे सण कधी असतो आणि काय म्हणता त्याला?’ काकूंना मी आता दरवर्षी विचारते, आणि बहावा कुठे फुललाय तेही त्यांना सांगते.