हप्ता दोघांचा, फ्लॅट मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर

पत्र: ताई, 3 वर्षांपूर्वी पुण्यात 60 लाखांचा फ्लॅट घेतला, 48 लाख लोन. एकट्याच्या पगारावर तेवढं बसत नव्हतं म्हणून बँकेने मला को-अ‍ॅप्लिकंट केलं. अ‍ॅग्रीमेंट फक्त नवऱ्याच्या नावावर आहे. मी दर महिन्याला त्याला 20 हजार पाठवते, हप्ता त्याच्या खात्यातून जातो. सध्या आमचं अजिबात पटत नाहीये, वेगळं व्हायचं बोलणं चालू आहे. निम्मं घर माझं आहे ना?

उत्तर: कागदावर नाही गं, आत्ता तरी नाही. लोनच्या कागदावरची सही म्हणजे कर्ज फेडायची जबाबदारी, आणि घर कुणाचं ते रजिस्टर झालेल्या अ‍ॅग्रीमेंटवरून ठरतं. इंडेक्स टू म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा काढून बघ, खरेदीदार म्हणून कुणाचं नाव आहे ते तिथे दिसेल. बँका सहसा सहमालकाला को-अ‍ॅप्लिकंट व्हायलाच लावतात पण को-अ‍ॅप्लिकंटला मालक करा असं कुणी म्हणत नाही, त्यांचं काम तुझा पगार मोजून झालेलं असतं. आणि तू निम्म्या कर्जाला नाही तर अख्ख्या कर्जाला बांधील आहेस, उद्या त्याने हप्ते थांबवले तर बँक पूर्ण रक्कम तुझ्याकडे मागू शकते.

आता आकडे बघ. साडेआठ टक्के आणि 20 वर्षं धरली तर हप्ता साधारण 41,650 येतो, 3 वर्षांत दोघांनी मिळून 15 लाख भरले पण सुरुवातीला व्याजच जास्त जातं त्यामुळे मुद्दल जेमतेम 3 लाखांनी उतरलंय, अजून 45 लाखांच्या आसपास बाकी असेल. समजा फ्लॅट 75 लाखांना विकला तर बँकेचं देऊन 30 उरतात, आणि ते कागदावर सगळे त्याचे. आपल्याकडे घटस्फोट झाला म्हणून नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही, बऱ्याच जणींना तसं वाटतं. तू फॅमिली कोर्टात वाटा मागू शकतेस, पण तिथे पैसे दिल्याचा पुरावा लागेल, आणि तुझे 20 हजार तर त्याच्या खात्यात गेलेत, तो म्हणेल घरखर्चाचे होते. म्हणून सगळी स्टेटमेंट आत्ताच डाउनलोड करून ठेव, आणि पुढच्या महिन्यापासून तुझा भाग थेट लोन अकाउंटमध्ये भर, ते जमत नसेल तर ट्रान्सफर करताना शेऱ्यात होम लोन हप्ता असं लिही.

अजून बोलणं होतंय तुमचं, तर सरळ मार्ग आहे तो गिफ्ट डीडचा. तो त्याच्या हिश्श्यातला निम्मा भाग तुला बक्षीस देऊ शकतो. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे (स्थानिक सेस वगैरे वेगळा लागू शकतो, वकिलाला विचार). घर गहाण असल्यामुळे बँकेची एनओसी आधी लागेल, मग सब-रजिस्ट्रारकडे नोंदणी, मग सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव. पण ही सवलत नवरा-बायको असेपर्यंतच! घटस्फोटाचा निकाल लागल्यावर तो कायद्याने तुझा नवरा राहत नाही, मग तोच हिस्सा नावावर करायला बाजारभावावर पूर्ण ड्युटी बसते, त्यामुळे करायचं तर आधी. आणि डीडमध्ये 50 टक्के असं स्पष्ट लिहून घे. नुसती दोन नावं असली आणि हिस्सा लिहिलेला नसला की कुणी किती पैसे घातले ते शोधावं लागतं, ते कळलं नाही तर समान धरतात, आणि मधल्या काळात वकिलांची फी चालू राहते.

तो नावावर करायला तयार नसेल तर निदान लोनमधून बाहेर पडायचं बघ. बँक असंच नाव काढत नाही, त्याचा एकट्याचा पगार पुन्हा तपासते, नाही पुरला तर दुसरा को-अ‍ॅप्लिकंट मागते किंवा त्याला एकट्याच्या नावावर नवीन लोन घ्यावं लागतं. परस्पर संमतीने घटस्फोट घेणार असाल तर हे कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींत, तारखेसकट लिहून घ्या: अमुक दिवसांत तुझं नाव लोनमधून निघेल, नाही निघालं तर फ्लॅट विकायचा आणि उरलेले पैसे असे वाटायचे. "हप्ते तो भरेल" एवढंच लिहून भागत नाही गं, कारण बँक त्या निकालात पक्षकार नसते, तिचा तुझ्याशी केलेला करार तसाच राहतो आणि त्याचा हप्ता चुकला की सिबिल तुझाही पडतो.

आणि रागाच्या भरात हप्ता बंद करू नकोस, घर सोडून जायचीही घाई नको. नाव नसलं तरी 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात सामायिक घरात राहायचा बायकोचा हक्क आहे, त्रास असेल तर तो कामाला येतो. इन्कम टॅक्समध्ये तू या लोनच्या व्याजाची वजावट घेत असशील तर तेही सीएला दाखव, घराची मालकी नसताना ती मिळत नाही.