जर्मनीतल्या आखेनच्या हॉस्टेलात संकष्टी: चंद्र कुठला धरायचा?

"आई, कालनिर्णयात चंद्रोदय रात्री पावणेदहाच्या आसपास दिलाय, पण इथे जुलैत त्या वेळेला खिडकीबाहेर अजून उजेड असतो. मग संकष्टीचा उपास हॉस्टेलात सोडायचा तरी कधी?"

बेटा,

उपास सोडायचा तुझ्या तिथला चंद्र उगवल्यावर. कालनिर्णयातली वेळ आपल्याकडची आहे गं, आणि तीही गावागावाला बदलते, मुंबईपेक्षा जळगावला चंद्र दहा-बारा मिनिटं आधी दिसतो. आजी एरंडोलला अंगणात उभी राहून "चांद निंघना का?" विचारायची ते काय उगीच नाही. इथे मस्कतला आम्ही पण मस्कतचीच वेळ बघतो.

तुझं आखेन उत्तरेला इतकं वर की जुलैत सूर्यच सव्वानऊनंतर मावळतो, त्यात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं, म्हणून संकष्टीचा चंद्र अकरा वाजून गेल्यावरच येतो. पंचांगाच्या वेबसाइटवर सिटी आखेन टाक, तुझी वेळ मिळेल. ढग असले तर तेवढी वेळ झाल्यावर अर्घ्य द्यायचं न् जेवायचं.

पण खरी गोची तारखेची आहे. संकष्टीला चंद्र उगवताना चतुर्थी असावी लागते. समज आपल्याकडे चतुर्थी रात्री एकला संपली. जळगावला चंद्र पावणेदहाला निघाला तेव्हा चतुर्थी होती, म्हणजे संकष्टी आजच. तो रात्रीचा एक म्हणजे तुझ्याकडे साडेनऊ, आणि तुझा चंद्र सव्वाअकराला, तोवर पंचमी लागलेली! अशा वेळी तुझी संकष्टी बहुधा आदल्या दिवशी पडते, कारण आदल्या रात्री तुझा चंद्र उगवला तेव्हा बहुतेक वेळा चतुर्थी लागून गेलेली असते. दरवेळी असं होत नाही, पण सिटी टाकलीस की तारीख पण आपोआप बरोबर येते. काही जण कालनिर्णयाचाच दिवस धरतात, घरच्यांबरोबर उपास व्हावा म्हणून, तेही चालतं, फक्त दिवस कालनिर्णयाचा आणि चंद्र आखेनचा अशी खिचडी नको करू.

आता खाण्याचं. रात्री अकराला कॉमन किचनमध्ये कुकरच्या शिट्ट्या वाजवल्यास तर शेजारचे दार ठोकतील, म्हणून वरण-भात संध्याकाळीच करून फ्रिजमध्ये ठेव, नैवेद्यापुरतं गरम कर. बट्टीचा नाद सोड तिथे. दुपारला साबुदाणा करशील तर एशियन दुकानातले टॅपिओका पर्ल्स आपल्या साबुदाण्यासारखे रात्रभर भिजत घालू नको, त्यातले बरेचसे पाण्यात विरघळून नुसती लापशी होते. आधी चमचाभर वाटीत भिजवून बघ, अर्ध्या तासात पाणी दुधासारखं पांढरं झालं न् दाणा बोटात पिठूळ लागला तर त्याची खिचडी होणार नाही, खीर कर. इंडियन दुकानात भगर मिळाली तर सगळ्यात बरं, वर दाण्याची आमटी, पंधरा-वीस मिनिटांचं काम.

तुझी आई