'हॅव'ला 'काल' का चालत नाही?

*"मुलगी सातवीत आहे. 'आय हॅव फिनिश्ड माय होमवर्क यस्टर्डे' या वाक्यावर बाईंनी फुली मारली. मराठीत 'मी काल गृहपाठ पूर्ण केला आहे' चालतं, मग इंग्रजीत का नाही?"*

बाईंची फुली बरोबर आहे. चूक आहे ती 'नुकतीच पूर्ण झालेली क्रिया म्हणजे प्रेझेंट परफेक्ट' असं छापणाऱ्या गाइडांची. ही व्याख्या मुलांना सरळ खड्ड्यात नेते. 'आय सॉ हिम टू मिनिट्स अगो' यातली गोष्ट दोन मिनिटांपूर्वीची, तरी काळ साधा भूत. 'आय हॅव सीन रायगड' यातली सहल पाच वर्षांपूर्वीची असली तरी वाक्य बरोबर.

खरी गंमत 'हॅव'मध्ये आहे. मुळात तो 'जवळ असणे'च. जुन्या इंग्रजीत रचना होती ती 'माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेलं' अशी, आणि 'लिहिलेलं' हे पत्राचं विशेषण असल्यामुळे ते पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे बदलू शके. ओळखीचं वाटतं ना? आपण 'मी पत्र लिहिलं', पण 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणतो ते याच कारणाने. आपलं 'लिहिलं'सुद्धा 'लिखित'सारख्या विशेषणाच्या वंशातलं! पुढे आपण त्याला 'आहे' जोडला, इंग्रजीने 'हॅव'.

जर्मनमध्येही 'हॅव'चीच रचना आहे, पण ती बोलण्यात साध्या भूतकाळाचं काम करू लागली आणि 'काल' तिच्यात खुशाल बसतो. मराठीतही बसतो. इंग्रजीने मात्र 'हॅव'मधला वर्तमान सोडला नाही. 'आय हॅव लॉस्ट माय की' म्हणजे किल्ली अजून हरवलेलीच आहे. 'आय लॉस्ट माय की यस्टर्डे' म्हटलं तर ती नंतर सापडलीही असेल.

मुलीला वहीत आडवी रेघ मारून उजव्या टोकाला 'आत्ता' लिहायला सांगा. 'यस्टर्डे', 'लास्ट संडे', 'इन 2019', 'अगो' दिसलं की मागे एक ठिपका: साधा भूतकाळ. 'सिन्स', 'सो फार' दिसलं की 'आत्ता'ला टेकणारा बाण: 'हॅव'. 'व्हेन'सुद्धा ठिपकाच विचारतो. म्हणून 'व्हेन हॅव यू कम?' चूक, 'व्हेन डिड यू कम?' बरोबर. 'कधी आला आहेस?'ची ही नक्कल इतकी कानावर पडते की वैताग येतो.

'धिस मॉर्निंग' मात्र घड्याळ बघून ठरवावं लागतं. सकाळी 10 वाजता सकाळ चालू आहे, म्हणून बाण: 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग'. दुपारी 4 वाजता सकाळ संपलेली, तेच दोन कप आता ठिपके झाले: 'आय हॅड टू कप्स'.

कुणी सांगेल की अमेरिकेत 'आय हॅव जस्ट ईटन'ऐवजी 'आय जस्ट एट' चालतं. चालतं. पण 'हॅव'च्या शेजारी 'यस्टर्डे' तिथेही कुणी बसवत नाही.