कफलिंक आधी की शर्ट आधी?

प्रश्न: रिसेप्शनसाठी नेव्ही ब्लू थ्री-पीस सूट शिवलाय. सासरकडून कफलिंक, टाय बार, पॉकेट स्क्वेअर आणि लेपल पिन असा पूर्ण सेट मिळालाय. चारही एकदम घातलं तर जास्त होईल का? आणि पिन कोणत्या बाजूला?

टाय बार डब्यातच राहू दे. आत वास्कट आहे, टाय त्याने दाबलेलाच असतो आणि बार दिसणारही नाही. पिन डाव्या बाजूला. आता मुद्द्याचं विचारतो: शर्टाचे कफ बघितलेत का? सेट मिळाला की सगळे डबी उघडून दगड कसा चमकतो ते बघतात, शर्टाचा कफ कुणीच बघत नाही. मीही बघितला नव्हता.

माझं रिसेप्शन २००९ साली डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये होतं. माझे वडील, अण्णा, गिरगावात शर्ट शिवायचे. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी काम सोडून चार वर्षं झाली होती, तरी माझा पांढरा शर्ट त्यांनी स्वतः शिवला. साधे बटणाचे कफ होते, कारण मी कफलिंकबद्दल काही बोललोच नव्हतो. बोलणार कसा, मला ठाऊकच नव्हतं. साडेपाचला सासऱ्यांनी मखमली डबी दिली. त्यात सोनेरी कफलिंक, तशीच टाय बार आणि टायच्याच चकचकीत कापडाचा रुमाल. मेहुणे तेव्हा नुकतेच दुबईहून आले होते, त्यामुळे सुटाबुटातलं सगळं त्यांनाच कळत होतं. "अहो, कफाला भोक नाही? त्यात काय," असं म्हणून त्यांनी कुणाच्या तरी दाढीच्या डबीतलं ब्लेड मागवलं, डाव्या कफाचं बटण उडवलं आणि तिथेच फर्रकन चीर दिली.

अण्णा दारात उभे होते.

ते काही बोलले नाहीत. उजव्या कफाकडे ब्लेड वळलं तेव्हा मात्र पुढे झाले, माझा हात स्वतःकडे ओढला आणि सुईदोरा मागितला. वधूपक्षाच्या खोलीतून कुणीतरी पांढरा रेशमी धागा आणून दिला. अण्णांनी बटण काढलं, समोरच्या काजाची कडेपासूनची जागा नखाने मोजली, तेवढ्याच अंतरावर आणि तेवढ्याच उंचीवर खूण केली, कात्रीच्या टोकाने बारीक छेद दिला आणि टाके जवळजवळ घेत काज भरलं. वीस मिनिटं लागली. डावा कफ भरायला वेळ उरला नाही, स्टेजवरून हाका सुरू झाल्या होत्या.

इथे थोडं शिवणाचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न यावरच अडेल. कफलिंकला शर्टाच्या कफात दोन्ही बाजूंना काज लागतं. कफ दुमडून दुहेरी होतो तो डबल कफ. त्याला चार काजं असतात आणि कफलिंकचा दांडा चार थरांतून जातो, म्हणून घट्ट बसतो. काही शर्टांना बटणही असतं आणि बटणाशेजारी जास्तीचं काजही, तसा असेल तर निभावतं. निव्वळ बटणाच्या कफाला एका बाजूला काज पाडलं तर थर दोनच राहतात. त्याच दांड्याला मग आत ढिलाई मिळते, कफलिंक वाकडी होऊन लोंबते. शिवाय बटण लावताना कफाची टोकं एकमेकांवर चढतात, कफलिंकला मात्र ती समोरासमोर चिकटवून उभी धरायची असतात, हात जोडल्यासारखी.  मेहुण्यांनी माझी टोकं बटणासारखीच एकावर एक चढवली. ते आजही सांगतात की दुबईत असंच घालतात. दुबईतही असं घालत नाहीत. घालत असतील तर तेही चूक करतात.

नक्षीची बाजू बाहेर यायला हवी. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवा, नक्षी तुम्हाला वरून दिसली तर बरोबर. अल्बममध्ये माझी उजवी नीट आहे, डावी मनगटाखाली तोंड लपवून बसली आहे.

आता त्या रात्री काय झालं ते. आपल्याकडे रिसेप्शनला नवरदेव उभा कमी राहतो, वाकतो जास्त. आजी, काका, साहेब, सगळ्यांना नमस्कार. प्रत्येक वेळी टाय पुढे लोंबतो. माझी टाय बार मेहुण्यांनी नुसती टायला लावली होती, शर्टाला पकडली नव्हती. त्यामुळे धातूचं वजन घेऊन टाय आणखी जोरात झुलायचा, एकदा मोठ्या आत्याच्या डोक्याला लागला. बारने टायची पुढची पट्टी, मागची पट्टी आणि शर्टाची बटणपट्टी अशा तिन्ही गोष्टी एकत्र पकडायच्या असतात. जागा शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणांच्या मधली. लांबी टायच्या रुंदीपेक्षा थोडी कमी. टायच्या बाहेर टोक निघालं की ती पट्टी चिकटवल्यासारखी दिसते. नुसती सरकवायची बार वाकताना निसटते, चिमटा असलेली घ्यावी. तुम्ही वास्कट घालणार म्हणून हे तुमच्या कामाचं नाही, पण तुमच्या मित्रांपैकी कुणाला तरी लागेल.

साडेआठच्या सुमारास डावी कफलिंक पडली. कळलंसुद्धा नाही. हात हलवायला वर केला आणि बाही पंख्यासारखी उघडली. पुढचा तासभर मी डावा हात कोटाच्या खिशात ठेवून उभा होतो, फोटोत मोठा रुबाबदार दिसतो. दुसऱ्या दिवशी हॉलच्या वॉचमनने ती स्टेजच्या सतरंजीखालून काढून दिली.

आमच्या घरातला वाद तेव्हापासून सुरू आहे. मेहुणे सगळ्यांना सांगतात की भोक मोठं झालं म्हणून कफलिंक पडली, आणि भोक अण्णांनी शिवलं होतं. अण्णांनी शिवलेला उजवा कफ रात्री अकरापर्यंत हलला नाही. डावा ब्लेडचा होता. चिरलेल्या कडेला टाका नव्हता, कफातलं चिकटवलेलं बक्रम उसवत गेलं आणि दर वाकण्याला धागे सुटत गेले. शेवटी चीर एवढी लांबली की मागचा फिरकीचा आडवा दांडा आडवा राहूनही सहज बाहेर आला. काज भरतात ते यासाठीच, कड फाटू नये आणि भोक आहे तेवढंच राहावं. शर्टवाल्याच्या मुलाला हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

कफलिंक घेताना किंवा मिळालेली तपासताना मागचा भाग पाहा, पुढचा नंतर. मागे फिरणारा आडवा दांडा असेल तर तो कट् असा जागेवर बसायला हवा. बोटांत धरून झटका द्या, दांडा आपोआप फिरला तर ती कफलिंक समारंभात निघण्याची भीती. स्वस्त सेटमध्ये ओतीव जस्ताच्या अंगावर सोनेरी मुलामा असतो. सांधा तिथेच तुटतो, आणि पुढचा दगड डिंकाने चिकटवलेला असतो. बाजूने बघा, दगडाभोवती धातूची कड वळलेली नसेल तर तो गळणार. चांदी काळी पडते, पण पुसता येते. शिंपल्याच्या किंवा मीनाकारीच्या पितळी कफलिंक मला सर्वांत आवडतात, डोळ्यात खुपत नाहीत. आणि काहीच नसेल तर रेशमी दोऱ्याच्या गाठी मिळतात. पॅरिसच्या शार्वे या शर्टवाल्यांनी त्या लोकप्रिय केल्या. वजन नाही, फिरकी नाही, आणि पडली तर आवाजही होत नाही.

लेपल पिन कोटाच्या डाव्या कॉलरवरच्या काजात लावायची, वेगळं भोक पाडायचं नाही. ते काज मुळात फुलासाठी असतं. नेहरूंच्या अचकनवरचं गुलाब आठवा. चांगल्या कोटाच्या कॉलरमागे देठ अडकवायला दोऱ्याचा छोटा फासही असतो. तयार कोटात पुष्कळदा ते काज नुसतं शिवलेलं असतं, मधून कापलेलं नसतं. शिंप्याला सांगा, घरी ब्लेड लावू नका (वर वाचलंतच). साखळीवाली पिन घेऊ नका. हार घालताना साखळी फुलांत अडकते आणि काढताना कॉलर ओढली जाते. मोठी जड पिनही कॉलरला पुढे वाकवते.

रुमाल सेटमधला असेल तर तो टायच्याच कापडाचा असणार. तो कपाटात ठेवा. पांढरा सुती किंवा लिननचा घ्या, साधारण ३० ते ३५ सेंटीमीटर चौकोनी. चौकोनी घडी करून खिशाच्या कडेबाहेर एक-दीड सेंटीमीटर दिसू द्या. रेशमी रुमाल फुगवून छान दिसतो, पण नमस्काराला वाकलात की खिशात बुडतो किंवा बाहेर घरंगळतो. सुती रुमालाला इस्त्रीची घडी धरते.

जास्त होईल का, असं विचारलंय. तीनच्या वर माझ्या मते होतं, आणि पिन लावली तर रुमाल अगदी साधा पांढरा. सगळा धातू एकाच रंगाचा ठेवा, त्यात घड्याळही धरा. शिंप्याकडे ट्रायलला जाताना डबल कफचा शर्ट घालून जा, कारण कोटाची बाही अरुंद असली तर दुहेरी कफ आतच अडकतो. बाहीबाहेर एक-दीड सेंटीमीटर कफ दिसत नसेल, तर कफलिंकसाठी केलेला सगळा खटाटोप बाहीतच राहील.

हो, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची राहिली. त्या डाव्या कफलिंकची फिरकीही जरा सैल होती. सासऱ्यांना कधी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. पण सैल फिरकी उजव्या बाजूलाही होती, ती का नाही पडली?

शर्ट माझ्या कपाटात आहे. उजवं काज अजून दीड सेंटीमीटरच आहे, मागच्या आठवड्यात पट्टीने मोजलं. मेहुणे हे वाचत असतील तर दिवाळीत येताना स्वतःची पट्टी घेऊन यावी.