उद्घाटनाच्या भाषणातले ‘अहोरात्र’

प्रश्न: पुढच्या महिन्यात माझ्या लहानशा दवाखान्याचे उद्घाटन आहे. मालक म्हणून दोन-तीन मिनिटे बोलायचे आहे. कोणाचे आभार मानावेत आणि नेमके काय सांगावे? नमुना मिळाला तर बरे होईल.

उत्तर:

असे भाषण मी दोनदा केले आहे. पहिले 2009 च्या अक्षय्य तृतीयेला, वाईत दवाखाना सुरू केला तेव्हा, आणि दुसरे 2019 च्या दसऱ्याला, जागा बदलली तेव्हा. पहिले 14 मिनिटे चालले आणि त्यातला एक शब्द मला पुढे दीड वर्ष पुरला. म्हणून नमुना खाली देते, पण त्याआधी तो शब्द कोठून आला ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझे थोरले दीर शिक्षक होते आणि तालुक्यातल्या निम्म्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे असे. माझे भाषण त्यांनीच लिहून दिले. त्यात व्यासपीठावरील मान्यवरांची 17 नावे पदांसह होती, एक संस्कृत सुभाषित होते, आणि शेवटी ‘हा दवाखाना पंचक्रोशीतील रुग्णांच्या सेवेत अहोरात्र तत्पर राहील’ असे वाक्य होते. मूळ मसुद्यात ‘मधुमेह मुळापासून बरा करणारी औषधे येथे मिळतील’ असेही एक वाक्य होते. ते मात्र मी हट्टाने काढायला लावले, कारण औषधाने मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करण्यास 1954 च्या जादुई उपचारांच्या कायद्याने बंदी आहे आणि त्या कायद्यात तोंडी केलेली घोषणासुद्धा जाहिरातच धरली आहे. ‘अहोरात्र’ मात्र मी राहू दिले. भाषणात असे शब्द असायचेच, ते कोण मनावर घेतो, असे मला वाटले.

एप्रिलमधली दुपार, पत्र्याखालचा मांडव, 60 खुर्च्या, आणि मी नावे वाचते आहे. 11 व्या नावाला मागच्या दोन रांगा उठून सावलीला गेल्या. समारोप ‘असाच लोभ असू द्या आणि वारंवार येत राहा’ असा होता. तो वाचल्यावर जे हसू पिकले त्याचे कारण माझ्या लक्षात आले तेव्हा मी खाली बसले होते. इतर कोणत्याही उद्घाटनात ‘पुन्हा या’ म्हणणे ही रीत आहे, पण दवाखान्याच्या दारात तेच वाक्य शाप ठरते, हे भाऊजींना सुचले नाही आणि मलाही नाही. ‘आपली भरभराट होवो’ असे पाहुणे म्हणतीलच. त्यावर हात जोडावेत आणि आपल्या तोंडून तो शब्द काढू नये.

या 14 मिनिटांत आमच्या घरमालकीण आजींचे नाव आले नाही. त्यांनी तळमजल्याच्या दोन खोल्या मला अनामत न घेता दिल्या होत्या आणि तपासणीच्या खोलीत हात धुण्याची सोय नाही हे पाहून स्वतःच्या खर्चाने नळ आणून बेसिन बसवून दिले होते. त्या तिसऱ्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकत होत्या. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. चार वर्षांनी भाडेवाढीची बोलणी चालली असताना सहज म्हणाल्या, “तुझ्या भाषणात नगराध्यक्ष दोनदा आले होते हो.” एवढेच म्हणाल्या आणि भाडे मी सांगितले तेवढेच मान्य केले.

आता ‘अहोरात्र’बद्दल. त्याच वर्षी जुलै महिन्यात रात्री अडीचच्या सुमारास जवळच्या वाडीतल्या एका तिशीतल्या बाईला जीपमधून माझ्या बंद दवाखान्यापुढे आणले. मी दवाखान्यात राहत नव्हते. मला घरून बोलावून आणेपर्यंत अर्धा तास गेला. जमिनीवर झोपलेली, झोपेतून पोटदुखीने उठलेली, घरच्यांना वाटले अपचन झाले असावे. मी पाहिले तेव्हा तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि बोलणे जड झाले होते. पावसाळ्यातली रात्र, जमिनीवरचे अंथरूण, पोटदुखी, पडणाऱ्या पापण्या आणि अंगावर दंशाची खूण जवळजवळ नाहीच, हे सगळे एकत्र आले की मण्यार चावल्याचा संशय धरावाच लागतो, कारण तिच्या दंशाला सूज येत नाही आणि फारसे दुखतही नाही. माझ्याकडे सर्पदंशाची लस नव्हती, खाट नव्हती, कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र तर नव्हतेच. होती ती हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी. ती घेऊन मी त्याच जीपमध्ये बसले आणि मोठ्या रुग्णालयापर्यंत गेले. बाई वाचली, पण तिला आठवडाभर यंत्रावर ठेवावे लागले.

तिचा नवरा नंतर पेढे घेऊन आला. मी त्याला विचारले की लस मिळते ते सरकारी रुग्णालय वाटेत असताना तुम्ही ते ओलांडून माझ्याकडे का आलात? त्याने अगदी सरळपणे सांगितले, “ताई, तुम्हीच मांडवात बोलला होता, रात्रीचंबी उघडं असतंय म्हणून.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र तो पेढा गिळवला नाही.

भाऊजींचे म्हणणे आजही असे आहे की अहोरात्र हा अलंकार आहे आणि समजूतदार माणूस तो शब्दशः घेत नाही. माझे म्हणणे असे की दवाखान्याच्या मालकाच्या तोंडी अलंकार शोभत नाही. दुकानदाराने ‘सर्व काही मिळेल’ म्हटले आणि एखादी वस्तू मिळाली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते, त्याचे फार काही बिघडत नाही. दवाखान्याकडे चुकून आलेल्या माणसाचा मात्र वेळ जातो, आणि मण्यारीच्या विषात तेवढाच वेळ हाती असतो. म्हणून तुमच्या भाषणात वेळ, सुट्टी, काय तपासले जाईल आणि काय होणार नाही हे स्पष्ट यायलाच हवे, आणि ‘काय होणार नाही’ हे तर सर्वांत ठळकपणे.

आभारांसाठी मी एकच कसोटी लावते. त्या माणसाने नेमके काय केले ते एका वाक्यात सांगता आले तरच त्याचे नाव भाषणात घ्यावे. ‘मोलाचे सहकार्य लाभले’ एवढेच सुचत असेल तर त्या व्यक्तीला घरी जाऊन पेढे द्यावेत, ती अधिक आनंदेल. माझे 2019 चे भाषण असे होते:

“नमस्कार. सणाच्या दिवशी घरची कामे बाजूला ठेवून आपण आलात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. हा दवाखाना उभा राहण्यात चार जणांचा हात आहे. आधीच्या जागेच्या मालकीण आजींनी दहा वर्षांपूर्वी अनामत न घेता मला खोल्या दिल्या आणि हात धुण्यासाठी स्वतःच्या खर्चाने नळ आणून दिला. आमच्या कंपाउंडरनी जुन्या रुग्णांचे साडेतीन हजार केसपेपर क्रमाने लावून येथे आणले. सुतार मिस्त्रींनी तपासणीचे टेबल बुटके केले, ते माझ्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या आईचे गुडघे आठवून. माझ्या पतींनी कर्जाच्या कागदांवर माझ्याआधी सही केली. दवाखाना सोमवार ते शनिवार सकाळी 9 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8 उघडा राहील. रविवारी बंद राहील. ताप, खोकला, रक्तदाब, मधुमेह आणि लहान मुलांचे नेहमीचे आजार येथे तपासले जातील. रुग्णाला दाखल करून घेण्याची सोय येथे नाही, बाळंतपण येथे होत नाही आणि रात्री दवाखाना बंद असतो. रात्री छातीत दुखले, दम लागला, साप चावला किंवा अपघात झाला, तर माझी वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करावा. तपासणीची फी 100 रुपये आहे आणि ती दारावरच्या फलकावर लिहिलेली आहे. आपण सर्व निरोगी राहावे. पेढा घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.”

हे सावकाश म्हटले तरी दोन मिनिटांच्या आत संपते, कारण मिनिटाला साधारण 100 शब्द हा बोलण्याचा निवांत वेग आहे. तुम्हाला तीन मिनिटे हवी असतील तर आभारांत एखाद्याची भर घाला, सेवांच्या यादीत घालू नका. भाषण फीत कापण्याआधी करावे. फीत कापली की सगळे आत जागा पाहायला जातात आणि बाहेर ध्वनिक्षेपकापुढे तुम्ही एकटेच उरता.

फीच्या वाक्यावरून आमच्या घरी आदल्या रात्री पुन्हा वाद झाला. शुभदिनी पैशांचे बोलू नये, शिवाय डॉक्टरने जाहिरात करणे बेकायदा आहे, असे भाऊजी म्हणाले. जाहिरातीला मनाई आहे हे खरे, पण वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत व्यवसाय सुरू केल्याची, पत्ता बदलल्याची आणि शुल्काची जाहीर निवेदने करण्यास मुभा आहे. मनाई आहे ती स्वतःची आणि स्वतःच्या कौशल्याची स्तुती करून रुग्ण ओढण्याला. ‘पंचक्रोशीतील एकमेव’ म्हणालात तर अडचणीत याल, ‘फी 100 रुपये’ म्हणालात तर नाही. फीचे वाक्य मी म्हटले तेव्हा मांडवात कुजबुज झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दारात फीची घासाघीस करणारे कोणी आले नाही.

हे सगळे खाटा नसलेल्या दवाखान्यासाठी आहे. तुमच्याकडे खाटा असतील तर शुश्रूषागृहाची नोंदणी हाती येण्याआधी भाषणात त्यांचा उल्लेखही करू नका. तुम्ही डॉक्टर नसून केवळ जागेचे आणि भांडवलाचे मालक असाल, तर रुग्ण कोण तपासणार त्या डॉक्टरांचे नाव आणि शिक्षण सांगा, आणि ‘मी आपली सेवा करीन’ असे म्हणू नका. शिवाय मी मान्यवरांच्या यादीवर एवढी तुटून पडले असले, तरी सूत्रसंचालक नसेल तर प्रमुख पाहुण्यांचे आणि गावच्या सरपंचांचे नाव मालकानेच घ्यावे लागते, एवढे मला मान्य आहे. 2019 ला ते काम भाऊजींनी केले. स्वागताची सगळी नावे त्यांनी माझ्याआधी, ध्वनिक्षेपक घट्ट धरून, एका दमात वाचली, आणि मी न सांगताच त्यांनी आजींना पहिल्या रांगेत बसवले होते.