काउंटर-रॅक खरेदीत पडले; दुरुस्त करू की राहू देऊ?

"साहेब, दिवाळीनंतर दुकानात नवीन काउंटर आणि साड्यांचे रॅक केले. पोराने ते बिल टॅलीत खरेदीतच टाकून दिलं. मी म्हणतो राहू द्या, खरेदी जास्त दिसली तर नफा कमी, टॅक्स कमी. आखाजीच्या लगनसराईसाठी बँकेची लिमिट वाढवायची आहे, तेवढं मात्र बघा."

नाना,

मेल वाचला आणि सगळी बिलं काढून बसलो. राहू देऊ नका. कारण सांगतो, आधी नोंद बघा. ३१ मार्चच्या तारखेला रोजकीर्दीत, म्हणजे टॅलीत F7 दाबून जर्नलमध्ये, ही घ्यायची:

फर्निचर खाते नावे १,२५,०००
खरेदी खाते जमा १,२०,०००
हमाली-वाहतूक खाते जमा ५,०००
(काउंटर व रॅक चुकून खरेदीत, आणि त्यांचे टेम्पोभाडे व फिटिंगची मजुरी हमालीत लिहिली होती, ती दुरुस्त केली.)

पाच हजार कुठून आले म्हणाल. धुळ्याहून टेम्पोने माल आणला, सुताराने दोन दिवस बसून रॅक भिंतीला ठोकले, ते पैसे पोराने हमालीत टाकलेत. वस्तू वापरायला तयार होईपर्यंतचा खर्च वस्तूच्याच किमतीत धरतात, म्हणून तोही फर्निचरमध्ये घेतला. बिलावरचा १८ टक्के जीएसटी, २१,६०० रुपये, मात्र यात नाही. त्याचं क्रेडिट आपण घेतलंय आणि ते बरोबर आहे, कारण दुकानाच्या भांडवली वस्तूवरही क्रेडिट मिळतं. तोच कर फर्निचरच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा घेता येत नाही, एवढंच लक्षात ठेवा. फर्निचरवाल्याचं खातं जसंच्या तसं राहील, त्याला चेक गेला तो गेला.

तेरीज तर जुळली होती, मग चूक दिसली कशी? रक्कम बरोबर, बाजू बरोबर, फक्त खातं चुकीचं. अशी चूक तेरजेत कधीच सापडत नाही. मला ती टक्केवारीत दिसली. ८० लाखांच्या विक्रीवर तुमचा ढोबळ नफा दरवर्षी २० टक्क्यांच्या आसपास असतो, यंदा १४,७५,००० म्हणजे १८.४ टक्के आला. सुरतेचा भाव तर वाढलेला नव्हता. मग खरेदीची यादी वरपासून वाचली, तर सुरतेच्या पार्ट्यांमध्ये एक फर्निचरवाला बसलेला! बरं झालं, पोराने आयटम न निवडता नुसती रक्कम टाकली. आयटम टाकला असता तर काउंटर शिल्लक मालात साड्यांशेजारी दिसले असते, आणि नोंदीबरोबर स्टॉकमधूनही काढावे लागले असते.

आता टॅक्स. नोंद घेतल्यावर ढोबळ नफा १६ लाख होतो. फर्निचरवर आयकरात १० टक्के घसारा, पण नोव्हेंबरपासून वापर म्हणजे १८० दिवसांपेक्षा कमी, म्हणून यंदा निम्मा, ५ टक्के: ६,२५०. निव्वळ नफा ८,६०,००० वरून ९,७८,७५० वर जातो. तुम्ही नव्या करपद्धतीत आहात, दुसरं उत्पन्न नाही, आणि २०२५-२६ पासून तिथे १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे चूक तशीच ठेवून तुम्ही वाचवत होता शून्य रुपये. खर्चही बुडत नाही: पुढच्या वर्षी उरलेल्या १,१८,७५० वर १० टक्के, ११,८७५ घसारा मिळेल, आणि तसाच दरवर्षी कमी होत मिळत राहील. नफा चौदा लाख असता तरी मी हेच सांगितलं असतं. काउंटर विकायला आणलेला नाही, तो खरेदीत बसतच नाही. तेव्हा थोडा कर आत्ता भरावा लागला असता, एवढाच फरक.

उलट बाजूला बँक आहे. खोटी आशा देत नाही, फर्निचर दिसलं म्हणून लिमिट वाढत नाही. ती विक्री, माल आणि उधारी बघूनच ठरते. पण ताळेबंद समोर ठेवल्यावर साहेब पहिलं विचारतील, "विक्री तेवढीच, मग नफ्याची टक्केवारी का घसरली?" आणि तुम्ही काउंटरची गोष्ट सांगत बसाल, तर ते बाकीची बिलंही काढायला लावतील.

एक घाई आहे. वर्ष अजून बंद केलेलं नाही म्हणून काम एका नोंदीत होतंय. खाती बंद झाल्यावर हीच चूक सापडली असती, तर खरेदी खातं शिल्लकच नसतं आणि जमा बाजू तुमच्या भांडवलाकडे वळवावी लागली असती. पोराला सांगा, जुनं व्हाउचर उघडून खातं बदलू नको. त्यावरचं क्रेडिट विवरणात जाऊन आलंय, त्याला हात लावायचा नाही, फक्त जर्नल.

शुक्रवारी जळगावला येताना फर्निचरचं मूळ बिल आणि सुताराची पावती घेऊन या. पावती नसेल तर त्याच्याकडून तारीख टाकून सही घेऊन या, ते पाच हजार त्याशिवाय मी फर्निचरमध्ये धरणार नाही.